हळद कुणाची जळाली?

कायद्याच्या परीक्षेत मालविक्रीवर येणाऱ्या प्रश्नाचा साचा वर्षानुवर्षे तोच आहे. कधी कापूस असतो, कधी गूळ, कधी यंत्रसामग्री. एक जण माल विकतो, दुसरा घेतो, पैसे नंतर द्यायचे ठरते आणि मधल्या काळात आग लागते किंवा पूर येतो. त्यात भर म्हणून गिऱ्हाईकाचे दिवाळे निघते. मग विचारलेले असते: नुकसान कुणाचे, आणि पैसे न मिळालेल्या विक्रेत्याने आता काय करावे? एलएल.बी.चे विद्यार्थी हा प्रश्न सोडवतात, सीएच्या पहिल्या पायरीवरची मुलेही सोडवतात. खरे तर तो गोदामाची किल्ली कमरेला लावणाऱ्या प्रत्येकाने सोडवून पाहावा असा आहे. म्हणून इथे एक प्रश्न पूर्ण मांडतो आणि शेवटपर्यंत सोडवतो.

प्रसंग काल्पनिक आहे. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याकडे १ एप्रिलला इंदूरचा खरेदीदार येतो. सोयीसाठी त्यांना सांगलीकर आणि इंदूरकर म्हणू. इंदूरकर माल पाहतात आणि तीन सौदे होतात. पहिला सौदा गोदामाच्या पूर्वेच्या भिंतीला लावलेल्या शंभर पोत्यांच्या थप्पीचा. पोती भरलेली, शिवलेली, उचलायला तयार. किंमत ठोक साडेसात लाख रुपये, पैसे पंधरा दिवसांनी, माल इंदूरकरांनी स्वतःचा ट्रक पाठवून न्यायचा. दुसरा सौदा त्याच गोदामातल्या चाळीस पोत्यांच्या दुसऱ्या थप्पीचा. इथे भाव क्विंटलला पंधरा हजार. ही पोती कमीजास्त भरलेली आहेत, म्हणून सांगलीकरांनी ती तोलायची, वजन कळवायचे आणि त्यावर बिल करायचे. तिसरा सौदा मागच्या वखारीतल्या मालाचा. तिथे एकाच प्रतीची दीडशे पोती आहेत, प्रत्येक पन्नास किलोचे. त्यांतली साठ पोती ट्रान्सपोर्टने इंदूरला पाठवायची, भाव तोच. या साठ पोत्यांच्या किमतीचा चेक इंदूरकर तिथल्या तिथे देतात.

४ एप्रिलला सांगलीकर दुसरी थप्पी तोलून घेतात आणि वजन वहीत लिहून ठेवतात. त्याच संध्याकाळी साठ पोती ट्रकवर चढतात आणि इंदूरकरांच्या नावाची बिल्टी फाटते. ५ एप्रिलच्या रात्री शेजारच्या दुकानाला लागलेली आग गोदामात शिरते आणि दोन्ही थप्प्या जळून जातात. ६ तारखेला चेक न वटता परत येतो. पाठोपाठ बातमी येते की इंदूरकरांनी बाजारातली सगळीच देणी थांबवली आहेत. ट्रक तेव्हा धुळ्याच्या आसपास आहे.

बाजारात कुणालाही विचारले तर उत्तर साधारण एकच मिळेल. इंदूरकरांनी ना पैसे दिले, ना माल नेला. म्हणजे जळाली ती सांगलीकरांची हळद, आणि ट्रकवर आहे तीही त्यांचीच. हे उत्तर सरळ वाटते, पण १९३० चा मालविक्री कायदा तसे म्हणत नाही. या कायद्यात मालकी, ताबा आणि किंमत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तीन वेगळ्या वेळी हात बदलू शकतात. गिऱ्हाईकाने एक पैसा दिला नसला आणि मालाला हात लावला नसला तरी तो मालक झालेला असू शकतो. मालकी जिच्याकडे, नुकसानही तिच्याकडे, हा या कायद्याचा मूळ नियम आहे. म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच: आग लागली त्या घटकेला मालक कोण होता?

मालकी कधी जाते हे पक्षांनी स्वतः ठरवावे, असे कायदा आधी सांगतो. तसे स्पष्ट ठरले असेल तर पुढचे नियम बघायचे कारणच नाही. पण भाव, वजन आणि पैशांची मुदत ठरवताना मालकी कोणत्या क्षणी जाईल यावर बोलणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. म्हणून तशी बोली झालीच नसेल तेव्हा पक्षांच्या मनात काय होते हे ओळखण्यासाठी कायद्याने काही नियम दिले आहेत. आपले तीन सौदे त्यांतल्या तीन वेगवेगळ्या नियमांत बसतात.

पहिली थप्पी घेऊ. माल नेमका कोणता हे ठरलेले आहे: पूर्वेच्या भिंतीजवळची ती शंभर पोती, दुसरी कुठलीही नव्हेत. माल द्यायला तयार आहे, किंमत ठोक आहे, सौद्याला कसलीही अट नाही. अशा वेळी कलम २० लागू होते आणि मालकी सौदा होतो त्याच क्षणी जाते. पैसे पुढे द्यायचे ठरले, ताबा पुढे घ्यायचा ठरला, तरी फरक पडत नाही; कायद्यात तसे शब्दच आहेत. म्हणजे १ एप्रिलच्या दुपारीच ती शंभर पोती इंदूरकरांची झाली आणि ५ तारखेच्या रात्री हळद जळाली ती इंदूरकरांची. त्यांना साडेसात लाख द्यावे लागतील आणि हातात राख मिळेल.

हा नियम आपल्याकडे इंग्लंडच्या न्यायालयांतून आला. १८२७ च्या टार्लिंग विरुद्ध बॅक्स्टर या खटल्यात गवताची एक गंजी विकली गेली होती. पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे होते आणि ते दिल्याशिवाय गवत कापायचे नव्हते. जानेवारीतच गंजी जळाली. न्यायालयाने नुकसान खरेदीदारावर टाकले, कारण गंजी सौद्याबरोबरच त्याची झाली होती. दोनशे वर्षे होत आली तरी तो निकाल टिकून आहे. माझ्या मते त्यात न्याय आहे, पण खरेदीदाराला नियम ठाऊक असेल तरच. ज्याला आपण मालक झालो हेच माहीत नाही, तो मालाचा विमा उतरवणार नाही. आपल्याकडे उधारीत घेतलेला माल दुसऱ्याच्या गोदामात आठवडा आठवडा पडून असतो. त्याचा विमा खरेदीदार काढत नाही, कारण माल आपल्याकडे आलेला नाही असे त्याला वाटते. विक्रेत्याच्या पॉलिसीत फक्त त्याचा स्वतःचा माल धरलेला असेल, तर तिथेही दावा अडकतो. परीक्षेतल्या नियमाने खरी माणसे बुडतात ती या फटीत.

आता परीक्षक याच प्रसंगात एक वाक्य घालतो आणि उत्तर पालटते. ३ एप्रिलला इंदूरकरांचा ट्रक ठरल्याप्रमाणे सांगलीला आला होता. पण गोदामाची किल्ली घेऊन दिवाणजी गावाला गेले होते, म्हणून ट्रक रिकामा परत गेला. मालकी तर बदललेली नाही, ती १ तारखेपासून इंदूरकरांचीच आहे. मग नुकसानही त्यांचेच का? नाही. कलम २६ मालकीबरोबर जोखीम जाते असे म्हणते आणि लगेच एक परंतुक जोडते: ज्याच्या चुकीमुळे माल देण्या-घेण्याला उशीर झाला, त्या उशिराअभावी जे नुकसान कदाचित झाले नसते ते त्याच्या अंगावर. ट्रक ३ तारखेला भरला असता तर ५ तारखेच्या आगीत ती पोती गोदामात नसती. म्हणून माल इंदूरकरांचा असूनही नुकसान सांगलीकरांचे, आणि साडेसात लाखांची मागणी त्यांना करता येणार नाही.

हे परंतुक उलट्या बाजूनेही चालते. १९४९ साली इंग्लंडमध्ये सफरचंदाच्या रसाचा एक खटला झाला. विक्रेत्याने सौद्याप्रमाणे फळे गाळून रस पिंपांत भरून ठेवला होता, पण खरेदीदार तो उचलायला टाळाटाळ करत राहिला आणि रस नासला. रसाची मालकी अजून विक्रेत्याकडेच होती, तरी उशीर खरेदीदारामुळे झाला म्हणून नुकसान त्याच्यावर पडले. उत्तरपत्रिकेत इथे एक सवय हवी. प्रश्नात कुणी वेळेवर आले नाही, गाडी परत गेली, फोन उचलला नाही अशी वरवर किरकोळ वाटणारी ओळ दिसली की थांबायचे. ती ओळ परीक्षकाने उगाच लिहिलेली नसते.

आणखी एक गोष्ट ओघात सांगून पुढे जातो. मालकी गेली म्हणून सांगलीकरांची जबाबदारी संपत नाही. दुसऱ्याचा माल त्यांच्या ताब्यात आहे, म्हणून शहाणा माणूस स्वतःचा माल जपतो तितका तो त्यांनी जपायला हवा. आग शेजाऱ्याकडून आली म्हणून ते सुटतात. गोदामातल्याच उघड्या वायरीतून ती लागली असती, तर इंदूरकरांना निष्काळजीपणाची भरपाई मागता आली असती.

दुसरी थप्पी दिसायला पहिलीसारखीच आहे. त्याच गोदामातली, नेमकी ठरलेली, शिवलेली चाळीस पोती. पण किंमत किती हे वजन कळल्याशिवाय ठरत नाही आणि ते वजन विक्रेत्याने करायचे आहे. अशा मालाला कलम २२ लागते. किंमत ठरवण्यासाठी विक्रेत्याने तोलणे, मोजणे, तपासणे असे काही करायचे असेल, तर ते होईपर्यंत मालकी जात नाही. इथे ते झाले आहे, ४ तारखेला पोती तोलून वहीत नोंद आहे. म्हणून घाईतला विद्यार्थी लिहितो की ४ एप्रिलला मालकी गेली आणि ५ तारखेचे नुकसान इंदूरकरांचे. इथेच गुण जातात. कलमात दोन अटी आहेत: ते काम झाले पाहिजे आणि ते झाल्याचे खरेदीदाराला कळले पाहिजे. वजन वहीत आहे, इंदूरकरांपर्यंत गेलेले नाही. त्यामुळे ५ तारखेच्या रात्री ती चाळीस पोती अजून सांगलीकरांची होती आणि नुकसान त्यांचेच.

एवढ्याशा कळवण्याला इतके वजन का, असे कुणी विचारेल. माझे उत्तर असे की आपला माल आता आपल्या जोखमीवर आला आहे हे कळण्याचा खरेदीदाराला तोच एक मार्ग आहे. वजन कळल्यावर तो बिल तयार धरू शकतो, विमा काढू शकतो, माल लवकर उचलू शकतो. न कळता तो काहीच करू शकत नाही. सांगलीकरांनी ४ तारखेच्या संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो इंदूरला पाठवला असता, तर हे नुकसान तिकडे गेले असते. पुरावा म्हणून तो संदेश पोचला हे दाखवावे लागले असते, इतकेच.

कलम २२ विक्रेत्याने करायच्या कामाबद्दल बोलते, हेही नीट वाचायला हवे. वजन करून घेणे इंदूरकरांनी स्वतःकडे घेतले असते, आपल्या माणसाकडून इंदूरच्या काट्यावर तोलू असे म्हटले असते, तर हे कलम लागले नसते. तोलायचे राहिले असूनही मालकी सौद्याबरोबर गेली असे म्हणायला वाट मोकळी झाली असती. काय करायचे राहिले आहे, ते कुणी करायचे आहे आणि दुसऱ्याला ते कळले का, या तीन प्रश्नांवर या भागातली जवळपास सगळी उदाहरणे सुटतात.

तिसऱ्या सौद्यात वेगळीच अडचण आहे. १ एप्रिलला दीडशेतली साठ पोती विकली, पण कोणती साठ? ते ठरलेच नव्हते. जो माल नेमका कोणता हे ठरलेले नाही, त्याची मालकी जाऊच शकत नाही. कलम १८ इथे तडजोड करत नाही. ३ एप्रिलला मागची वखार जळाली असती तर सगळी दीडशे पोती सांगलीकरांचीच जळाली असती. पण ४ तारखेला साठ पोती वेगळी काढून ट्रकवर चढली. सौद्याप्रमाणे माल वाहतूकदाराकडे दिला आणि तो विकायचा-वळवायचा हक्क विक्रेत्याने स्वतःकडे राखला नाही, तर तो माल बिनशर्त खरेदीदाराच्या नावे लागला असे कलम २३ धरते. बिल्टी इंदूरकरांच्या नावाची आहे. म्हणजे ट्रक सुटला तेव्हाच साठ पोती त्यांची झाली आणि वाटेत ट्रक उलटला असता तर नुकसानही त्यांचे असते.

एक छोटा फरक इथे फार महागात पडतो. समजा त्याच ट्रकवर सांगलीकरांनी तीन गिऱ्हाइकांची मिळून शंभर पोती एकत्र चढवली आणि कुणाची कोणती हे वाटप इंदूरच्या गोदामात व्हायचे होते. मग ट्रकवर असेपर्यंत एकही पोते कुणाचे झालेले नाही. १९१७ च्या एका खटल्यात आयर्लंडहून माशांच्या एकशे नव्वद पेट्या आगगाडीने निघाल्या होत्या. त्यांतल्या वीस एका खरेदीदारासाठी होत्या आणि वाटप वाटेत व्हायचे होते. गाडी लांबली, वाटपाआधीच मासे खराब झाले. न्यायालय म्हणाले, वीस पेट्या अजून कुणाच्याच नव्हत्या, म्हणून जोखीम विक्रेत्याचीच. पोत्यांवर खुणेचा रंग लावून गिऱ्हाइकाचे नाव टाकले असते, तर चित्र वेगळे झाले असते.

आतापर्यंतच्या हिशेबात कायदा सांगलीकरांच्या हातून मालकी फार लवकर काढून घेतो, असे दिसते. पहिल्या थप्पीची तर बोलता बोलताच गेली. पण कायद्याने एका हाताने जे घेतले ते दुसऱ्या हाताने बऱ्याच अंशी परत दिले आहे, आणि ते समजण्यासाठी आधीचा सगळा भाग लागतो. विक्रेत्याला किमतीचे पूर्ण पैसे मिळाले नसतील, किंवा चेक घेतला होता पण तो वटला नसेल, तर तो पैसे न मिळालेला विक्रेता ठरतो. मग मालकी गेली असली तरी त्या मालावर त्याचे तीन हक्क उरतात: माल ताब्यात असेल तर अडवून ठेवणे, वाटेत असेल तर रोखणे आणि काही अटींवर पुन्हा विकणे. आपल्या प्रसंगात चेक परत आला, म्हणून तिसऱ्या सौद्यापुरते सांगलीकर ६ एप्रिलला असे विक्रेते झाले.

अडवून ठेवण्याच्या हक्काला वकील लियन म्हणतात. तो आपल्या प्रसंगात वापरता येत नाही, कारण थप्प्या जळाल्या आणि उरलेला माल ट्रकवर आहे. पण आग लागली नसती तर पहिल्या थप्पीवर तो कसा चालला असता हे बघण्यासारखे आहे. सौदा पंधरा दिवसांच्या उधारीचा होता. त्या मुदतीत इंदूरकरांचा ट्रक आला असता, तर पैसे आधी द्या म्हणून सांगलीकरांना माल अडवता आला नसता. उधारी दिली म्हणजे तेवढ्या काळापुरता हा हक्क सोडला. पण ६ तारखेला इंदूरकरांनी सगळी देणी थांबवल्याची बातमी आली की हक्क पुन्हा जागा होतो, मुदत संपलेली नसली तरी. न्यायालयाने दिवाळखोर जाहीर करण्याची वाट बघावी लागत नाही. नेहमीच्या व्यवहारात देणी देणे बंद केले किंवा येणारी देणी भागवता येत नाहीत, एवढे पुरे आहे. मात्र हा हक्क ताब्यावर उभा आहे. पोती एकदा इंदूरकरांच्या ट्रकवर चढली की तो संपला.

आता ट्रककडे वळू. ट्रान्सपोर्टकडे माल देताना अडवण्याचा हक्क गेला, पण वाटेत रोखण्याचा राहिला, आणि तो खरेदीदार दिवाळखोरीत गेला तरच वापरता येतो. नुसता एक चेक परत आला एवढ्यावर ट्रक थांबवणे धोक्याचे आहे. उद्या इंदूरकरांनी दुसरा चेक देऊन पैसे भरले तर सांगलीकरच करार मोडणारे ठरतील. इथे सगळी देणी थांबल्याची बातमी आहे, म्हणून हक्क आहे. तो बजावायचा ट्रान्सपोर्ट कंपनीला सूचना देऊन. ती सूचना ड्रायव्हरला दिली तरी चालते, मालकाला दिली तरी चालते. पण मालकाला दिली तर त्याला ड्रायव्हरपर्यंत निरोप पोचवायला पुरेसा वेळ असला पाहिजे. ट्रक इंदूरच्या धक्क्याला लागल्यावर कंपनीच्या सांगलीतल्या कार्यालयात पत्र टाकून काही हाती लागत नाही. माल परत आणण्याचा खर्च सांगलीकरांचा, हेही आधी ठरवून घ्यावे.

प्रवास कधी संपतो, हा इथला कळीचा मुद्दा आहे. ट्रक इंदूरला पोचला म्हणजे तो संपलाच असे नाही. इंदूरकरांनी किंवा त्यांच्या माणसाने माल घेईपर्यंत तो वाटेतच आहे. ट्रान्सपोर्टवाल्याने इंदूरकरांना फोन करून, तुमचा माल आला आहे आणि तुमच्यासाठी ठेवला आहे असे कबूल केले, तर मात्र पोती त्याच्याच गोदामात असली तरी वाट संपली. उलट इंदूरकरांचा माणूस धुळ्यालाच येऊन उभा राहिला आणि त्याने तिथेच माल उतरवून घेतला, तरीही वाट तिथेच संपली. म्हणून ६ तारखेची सकाळ आणि दुपार यात फरक पडू शकतो. बातमी कळल्यावर वकिलाकडे जाण्याआधी ट्रान्सपोर्टच्या कार्यालयाला लेखी सूचना देऊन त्याची पोच घ्यावी, असे मी कुणालाही सांगेन.

मधल्या काळात इंदूरकरांनी तीच साठ पोती उज्जैनच्या एखाद्याला विकली असतील तर? नुसत्या विक्रीने सांगलीकरांचा हक्क जात नाही. पण मालाच्या मालकीचा कागद इंदूरकरांकडे दिला होता आणि त्यांनी तो पैसे घेऊन, यातले काही ठाऊक नसलेल्या माणसाच्या नावे केला, तर तो माणूस जिंकतो. रेल्वेची पावती असा कागद आहे हे कायद्यातच लिहिले आहे. ट्रकची बिल्टी तशी आहे का, हे व्यवहारात ती मालावरच्या ताब्याचा पुरावा म्हणून चालते का यावर अवलंबून आहे, आणि तिथे वाद होऊ शकतो.

समजा सूचना वेळेत पोचली आणि साठ पोती सांगलीला परत आली. करार अजून जिवंत आहे. माल रोखल्याने तो मोडत नाही. इंदूरकरांनी किंवा त्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्याने पैसे आणून टाकले तर पोती द्यावी लागतील. पुन्हा विकायची असतील तर आधी नोटीस द्यायची आणि वाजवी वेळ थांबायचे. जळगावची केळी असती तर नोटिशीची गरज नव्हती, कारण नाशवंत मालाला ती सूट आहे. वाळलेली हळद नाशवंत नाही.

आता आकडे. साठ पोती म्हणजे तीस क्विंटल, ठरलेली किंमत साडेचार लाख. नोटीस देऊन, वाट पाहून सांगलीकरांनी ती साडेतेरा हजारांनी विकली, म्हणजे ४,०५,००० आले. राहिलेले ४५,००० रुपये भरपाई म्हणून इंदूरकरांकडून मागता येतात. भाव चढून सोळा हजारांनी विकली गेली असती तर वरचे तीस हजार सांगलीकरांचे, इंदूरकरांना त्यातले काही मिळत नाही. नोटीस न देता विकली असेल तर दोन्ही उलटे होते: तोटा मागता येत नाही आणि नफा झाला तर तो इंदूरकरांना द्यावा लागतो. नव्या गिऱ्हाइकाला दोन्ही वेळा पक्की मालकी मिळते. विक्रेत्याची चूक त्याच्या डोक्यावर येत नाही.

इथवर आलेला विद्यार्थी चांगला आहे. पण चांगल्यातला चांगला कोण हे परीक्षकाच्या एका शेवटच्या वळणावर कळते. बिल्टी इंदूरकरांच्या नावाची नव्हती असे समजा. सांगलीकरांनी ती स्वतःच्याच नावाने काढली आणि पैसे मिळाल्यावर इंदूरकरांच्या नावे करून देऊ असे ठरवले. हा सावध व्यापाऱ्याचा मार्ग आहे. माल वळवण्याचा हक्क त्याने राखून ठेवला, म्हणून ट्रक सुटला तरी मालकी गेली नाही. सांगलीकर अधिक सुरक्षित झाले, हे खरेच. ट्रक थांबवायला त्यांना दिवाळखोरीचे कारणही लागत नाही, चेक वटला नाही एवढ्यावरच ते आपला माल देणे नाकारू शकतात. मग ते विकून ४५,००० ची तूट मागू शकतात का?

सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर १९६८ साली दिले. अंबलवाण चेट्टियार विरुद्ध एक्सप्रेस न्यूजपेपर्स या खटल्यात वृत्तपत्राच्या कागदाचा साठा होता. मोठ्या साठ्यातला काही कागद विकायचा सौदा झाला, खरेदीदाराने थोडा उचलला, बाकीचा नाकारला. विक्रेत्याने उरलेला कागद पुन्हा विकून तूट मागितली. न्यायालय म्हणाले, कलम ५४ चा पुनर्विक्रीचा हक्क मालकी खरेदीदाराकडे गेली असेल तेव्हाचा आहे. इथे विकलेला कागद साठ्यातून वेगळाच काढलेला नव्हता, मालकी गेलीच नव्हती, म्हणून पुनर्विक्रीत जी तूट आली ती त्या नात्याने मागता येत नाही. स्वतःचा माल विकायला कुणाच्या परवानगीची गरज नसते, पण त्याचा तोटा दुसऱ्यावर टाकायला दुसरा आधार लागतो. तो आधार म्हणजे माल न स्वीकारल्याची भरपाई, आणि तिचे माप वेगळे: ठरलेला भाव आणि करार मोडला त्या दिवसाचा बाजारभाव यांतला फरक.

आकड्यांत बघा. करार मोडला त्या दिवशी सांगलीच्या बाजारात भाव १४,२०० होता असे धरा. फरक क्विंटलला आठशे, तीस क्विंटलचे २४,०००. सांगलीकरांनी महिनाभर थांबून साडेतेरा हजारांनी विकले असले तरी मिळणार २४,०००. उरलेली घसरण त्यांनी सोसायची. बिल्टीवरच्या एका नावाने ४५,००० चे २४,००० होतात. म्हणून शहाणा व्यापारी आपल्या करारात पुनर्विक्रीचा हक्क आणि तुटीची जबाबदारी स्पष्ट लिहून घेतो.

आता तिन्ही सौद्यांचा हिशेब. दुसरी थप्पी सांगलीकरांची जळाली. पहिली इंदूरकरांची जळाली, किल्लीची ओळ प्रश्नात नसेल तर. सांगलीकरांना साडेसात लाखांच्या किमतीचा दावा लावता येईल, मात्र उधारीचे पंधरा दिवस संपल्यावर. पण तो दावा जिंकूनही ते दिवाळखोराच्या दारातल्या इतर धनकोंच्या रांगेत उभे राहतील आणि रुपयामागे जे काही हाती येईल ते घेतील. तिसऱ्या सौद्यात तसे नाही. तिथे त्यांच्याकडे खुद्द साठ पोती परत आली आहेत आणि त्यांच्या विक्रीचे ४,०५,००० रुपये रांगेतल्या कुणाशीही वाटून घ्यावे लागत नाहीत. रांगेत उभे राहायचे ते फक्त ४५,००० च्या तुटीसाठी.